ओटीपी लॉगिन तपासताना ‘पुन्हा पाठवा’पाशी थांबा

कोडच्या मुदतीचा तपास सोपा आहे, तो लवकर उरका. स्क्रीनवर उलटी चालणारी वेळ फक्त दाखवण्यापुरती असते. कोड ५ मिनिटं चालणार असेल, तर मुदतीच्या थोडं आधी आणि थोडं नंतर टाकून सर्व्हर काय उत्तर देतो ते बघा.

खरी गोम ‘पुन्हा पाठवा’ आणि चुकीचे प्रयत्न यांच्या जोडीत असते. समजा, ५ चुकांनंतर लॉगिन थांबायला हवं. ४ वेळा चुकीचा कोड टाका, मग नवीन कोड मागवा आणि पाचव्यांदाही चुकीचाच टाका. आता अडवलं नाही, तर नव्या कोडबरोबर चुकांची मोजणी शून्यावर आली. मग कोणीही कोड मागवत राहून अंदाज लावत बसू शकतो. ही मोजणी कोडवर नाही, मोबाइल नंबरवर हवी. त्यामुळे ॲप पुन्हा उघडून आणि दुसऱ्या फोनवरूनही तोच नंबर टाकून बघा. अडवल्यानंतर बरोबर कोडसुद्धा नाकारला गेला पाहिजे. नवखे टेस्टर हे हमखास विसरतात.

‘पुन्हा पाठवा’चं बटण ३० सेकंद बंद दिसतं म्हणून पाठवण्यावर मर्यादा आहे असं धरू नका. त्या बटणामागची रिक्वेस्ट पोस्टमन या टूलमधून लागोपाठ पाठवा. मर्यादेनंतर सर्व्हरने नकार द्यायला हवा (बहुधा `429`) आणि फोनवर नवा एसएमएस येता कामा नये.

एसएमएस कधी उलट्या क्रमानेही येतात. नवा कोड मागवल्यावर जुना चालतो का, हे आधी टीमला विचारा. चालत नसेल, तर जुना टाकल्यावर ‘सर्वांत नवीन कोड टाका’ असा स्पष्ट संदेश मागा.