जादा सामान: पैसे घरूनच भरावेत की काउंटरवर?

प्रश्न: नोकरीसाठी परदेशी चाललोय. तिकिटावर ३० किलो आहेत, सामान ४१ किलो भरतंय. पैसे आधी भरू की विमानतळावर?

आधीच, ऑनलाइन. काउंटरवरचा दर बहुधा बराच चढा असतो. शिवाय विमानात जागा नसेल, तर पैसे मोजायची तयारी असूनही जादा सामान नाकारलं जाऊ शकतं.

ऑनलाइन वजन बऱ्याच कंपन्या पाच-पाच किलोंच्या टप्प्यांत विकतात. तुम्हाला हवेत ११. मी १० घेऊन एक किलो सामान कमी करेन. तेवढ्यासाठी आणखी पाच किलोंचे पैसे कशाला? पण आधी भरलेल्या बॅगा काट्यावर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. सगळं एकाच बॅगेत कोंबू नका. एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर गेलं, तर ती सहसा घेतच नाहीत, कारण ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा प्रश्न असतो.

प्रश्न: मला २३ किलोंच्या दोन बॅगा चालतात. एक २० किलोंची आहे, दुसरी २७ झालीय. ऑनलाइन एक जादा बॅग घेतली की भागेल ना?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. तुमच्या तिकिटावर `2PC` असेल, म्हणजे हिशेब बॅगांचा आहे, एकूण वजनाचा नाही. तिसऱ्या बॅगेचे पैसे भरलेत तरी २७ किलोंची बॅग जडच राहते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. तीन किलो दुसऱ्या बॅगेत हलवा, उरलेला एक किलो काढा. एक पैसाही लागणार नाही. ते जमणारं नसेल, तर जड बॅगेचा दर आणि तिसऱ्या बॅगेचा दर शेजारी ठेवून बघा. अनेकदा पहिलाच कमी निघतो.

प्रश्न: मधे विमान बदलायचंय, पुढचं तिकीट वेगळं काढलंय. एकदाच भरले तर चालतील?

चालणार नाहीत. भरलेले पैसे त्या तिकिटापुरतेच. पुढच्या कंपनीची मर्यादा कमी असली, तर तिथे पुन्हा भरावे लागतील. तेही आधीच भरा. तिकीट एकच असलं, पण विमान दुसऱ्या कंपनीचं असलं, तर कधीकधी वेबसाइटवर जादा सामानाचा पर्यायच दिसत नाही. तेव्हा तिकीट देणाऱ्या कंपनीला फोन करा.

प्रश्न: रुजू व्हायची तारीख पुढे गेली तर भरलेले पैसे बुडतील?

प्रवास तुम्ही रद्द केलात तर बहुधा परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसा हातात येऊन तारीख पक्की होईपर्यंत थांबा. मात्र ऑनलाइन खरेदी उड्डाणाच्या काही तास आधी, काही ठिकाणी पूर्ण दिवसभर आधी बंद होते. आपल्या कंपनीची वेळ बघून ठेवा. नुसती तारीख बदललीत, तर नव्या बुकिंगमध्ये जादा सामान दिसतंय का ते तपासा. ते आपोआप पुढे जातंच असं नाही. दिसत नसेल, तर जुनी पावती घेऊन फोनवरच ते जोडून घ्या.