वडापमधली ती सीट

ताई, मी मूळचा सांगलीचा, नोकरी पुण्यात. दोन वर्षांपासून आम्ही एकत्र आहोत, ती सध्या नागपूरला बँकेत आहे. लग्नाचं मेसेजमधून विचारायचं ठरवलंय. आमची खरी ओळख एसटीत झाली. रत्नागिरीहून मित्राचं लग्न आटोपून येताना आंबा घाटात गाडी बंद पडली. रात्र, धो धो पाऊस. तिने अंगावरची शाल शेजारच्या आजींना दिली. भडंगातल्या लसणीच्या पाकळ्या निवडून माझ्या हातावर ठेवत म्हणाली, ‘उशीर झालाच आहे, आता घाई कशाला?’ मलकापूरला निघालेल्या वडापमध्ये एक सीट होती, ड्रायव्हरने मला बोलावलंही. मी तिला येऊन सांगितलं, जागा नाही. हे तिला अजून माहीत नाही. मी लिहिलंय ते असं: ‘तू आयुष्यात आलीस आणि सगळं बदललं. तो पाऊस, ती रात्र कधीच विसरणार नाही. तुझ्याशिवाय जगण्याची कल्पनाही करवत नाही. माझी होशील?’ वाचताना मलाच हे उसनं वाटतं. काय चुकतंय?

तुम्ही आठवणीतलं हवामान मेसेजात घेतलंत आणि माणूस पत्रात ठेवलात. पाऊस आणि रात्र कुणाच्याही आठवणीत असते. शाल, लसणीच्या पाकळ्या, तिचं ते वाक्य आणि वडाप हे फक्त तुमच्या दोघांचं आहे, आणि मेसेजात नेमकं तेच नाही.

त्यातही सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ती सीट. त्या रात्रीचं बाकी सगळं तिला ठाऊक आहे, ती तिथेच होती. म्हणून घाट, गाडी, पाऊस यांचं वर्णन तिला करत बसू नका. एका नावात तिला सगळं आठवेल. तिला माहीत नसलेली तुमची बाजू मात्र तिला पहिल्यांदाच कळणार आहे. सुरुवात तिथून करा.

इथे एक जपायचं. ‘तुझ्यासाठी मी सीट सोडली’ असं लिहिलंत तर तो उपकार होतो, आणि लग्नाच्या प्रश्नाआधी उपकार मांडला की समोरच्याला हिशेब चुकता करावासा वाटतो. तुम्ही काही सोडलं नव्हतंत, तुम्हाला जायचंच नव्हतं. खरं तेवढंच आहे, तेवढंच लिहा. रंगवूही नका. सीट एकच होती तर एकच म्हणा. ड्रायव्हरने तीनदा हाका मारल्या वगैरे नको.

शेवटच्या ओळीबद्दल माझं ठाम मत आहे. ‘माझी होशील?’ यातून तुम्ही नेमकं काय विचारताय ते कळत नाही. दोन वर्षं ती तुमच्याबरोबर आहेच. लग्नाचं विचारायचंय तर लग्न हा शब्द लिहा. आणि घरी अजून बोलला नसाल, तर तेही सांगा. आपल्याकडे बऱ्याचदा मुलीला विचारायच्या आधी दोन्ही घरांत बोलणी सुरू झालेली असतात, मग ‘नाही’ म्हणायला तिला जागाच उरत नाही.

तुमच्याच पत्रातून मी जुळवून पाहिलं:

‘आंबा घाटात मी तुझ्याशी खोटं बोललो होतो. वडापमध्ये एक सीट होती. मी चौकशी करून परत आलो तर तू आजींना शाल गुंडाळून देत होतीस. मग भडंगातला लसूण मला निवडून दिलास आणि म्हणालीस, उशीर झालाच आहे, आता घाई कशाला. मला जायचंच नव्हतं गं. तेव्हाही तुला सोडून जायचं नव्हतं, आताही नाही. माझ्याशी लग्न करशील? घरी कुणाला बोललो नाही, आधी तुला विचारतोय.’

घटनांचा क्रम मी अंदाजाने लावलाय, तो तुम्ही दुरुस्त करा, आणि हे जसंच्या तसं पाठवू नका. तिला एरवी ज्या नावाने हाक मारता ते घाला, तुमच्या बोलण्यात न बसणारा शब्द काढा. मोठ्याने वाचून बघा. फोनवर तिला जे बोलताना जीभ अडखळेल, ते मेसेजातही खटकेल. लांबी मात्र वाढवू नका. आणखी दोन आठवणी घालायचा मोह होईल, पण मग ती सीट त्यांच्यात हरवेल.

आधी एक खात्री करा. त्या रात्री तिच्या घरी कुणी काळजीत होतं का, नंतर तिला बोलणी बसली का? तिच्यासाठी ती आठवण कडू असेल, तर तुमची गोड बाजू तिला टोचेल. एखाद्या दिवशी बोलता बोलता ‘आंबा घाट आठवतो का गं?’ एवढंच विचारा आणि ती आधी काय सांगते ते ऐका. तिला लसूण आठवला नाही आणि आजींचं नाव आठवलं, तर मेसेजात ते नाव घ्या.

बँकेच्या वेळेत पाठवू नका. काउंटरवर बसून कुणी असलं काही वाचू नये. रविवारची सकाळ बरी. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तरी मागून ‘वाचलंस का?’ धाडू नका. बहुधा ती पहिल्यांदा ‘सीट होती?’ एवढंच विचारेल. मग त्या सीटबद्दलच बोला, अगदी खरं खरं. लग्नाचं तिला तिच्या वेळेने बोलू द्या.