प्रवेश रद्द केल्यावर फी परत: अर्जात नेमकी कोणती तारीख लिहायची?

प्रश्न: खारघरच्या एका खासगी विद्यापीठात मुलीचा बी.एस्सी.चा प्रवेश घेतला होता, तो वर्ग सुरू व्हायच्या आधीच रद्द करतोय. ऑफिसमध्ये सांगतात, भरलेली फी परत होत नाही. कुलसचिवांना अर्ज कसा लिहायचा?

उत्तर: अर्ज आजच द्या, कारण इथे एकेका दिवसाला पैसे आहेत. वाशीतल्या एका कॉलेजच्या लेखा विभागात मी बरीच वर्षं असे अर्ज हाताळले. बहुतेक पालक "वर्ग सुरू झालेले नाहीत" एवढ्यावरच भर देतात. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत हिशेब होतो तो प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेपासून.

समजा, ती तारीख ३१ जुलै आहे. तुम्ही १,२०,००० रुपये भरलेत, त्यात १०,००० अनामत. अनामत पूर्ण परत मिळते, म्हणून टक्केवारी उरलेल्या १,१०,००० वर. अर्ज १६ जुलैपर्यंत, म्हणजे १५ दिवस आधी पोचला, तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० कापता येतात. हातात १,१५,०००. तोच अर्ज २० जुलैला दिला तर ९० टक्के, म्हणजे ९९,००० आणि अनामत मिळून १,०९,०००. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे फक्त अनामत.

आयोग काही वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितलं होतं. तुमच्या वर्षाचं असं परिपत्रक निघालंय का ते आधी पाहा, असेल तर अर्जात त्याचाच संदर्भ द्या.

अर्ज मुलीच्या सहीने, साधारण असा:

"प्रति, मा. कुलसचिव. विषय: प्रवेश रद्द करून शुल्क परत मिळण्याबाबत. महोदय, मी बी.एस्सी. प्रथम वर्षाचा प्रवेश (अर्ज क्र. …) आजपासून रद्द करत आहे. प्रवेशाची जाहीर अंतिम तारीख … आहे. मी रु. … (पावती क्र. …) भरले असून, आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार रु. … व अनामत रु. … माझ्या खात्यावर १५ दिवसांत जमा करावी आणि मूळ कागदपत्रे परत करावीत."

सोबत पावतीची प्रत आणि रद्द केलेला चेक जोडा. कारण लांबलचक लिहू नका, त्यावर रक्कम ठरत नाही. आवक विभागात दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्याच. नुसतं काउंटरवर ठेवून आलात तर अर्ज कधी पोचला यावरून वाद होतो आणि टप्पा बदलतो. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा आणि स्पीड पोस्टही टाका.

१५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्या शिक्क्याच्या प्रतीसह विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्या. तिथे न्याय मिळाला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.