रिटेन्शन ग्राफ बघून काय कापायचं?

माझ्या पुरणपोळीच्या व्हिडिओत पहिल्या ३० सेकंदांत निम्मे लोक जातात आणि २:१० ला ग्राफ, म्हणजे कुठल्या क्षणाला किती लोक बघतायत ते दाखवणारी रेषा, उसळतो. पुढच्या एडिटमध्ये काय बदलू?

नमस्कार-चमत्कार कापा आणि २:१० चा तुकडा पाच-सात सेकंद अगदी सुरुवातीला दाखवा. उसळी म्हणजे लोक तिथे उडी मारून येतायत किंवा मागे नेऊन पुन्हा बघतायत. रेसिपीचे व्हिडिओ मी रोज कापतो, त्यात ही जागा बहुधा पोळी फुगण्याची असते. खड्डा पडून रेषा पुन्हा वर आली असेल, तर तेवढा भाग लोकांनी पुढे ढकललाय. पुढच्या वेळी डाळ शिजण्याचा तसा भाग निम्मा करा. रेषा खाली जाऊन तिथेच राहिली, तर लोक निघून गेलेत. कारण त्याच्या जरा आधी शोधा. मात्र २:१० ला प्रमाणाची पाटी झर्रकन गेली असेल, तर ती उसळी आवडीची नव्हे, न वाचता आल्याची. मग पाटी जास्त वेळ ठेवा.