‘लक्ष द्या’ की ‘लक्ष द्यावे’? उशिरा धावणाऱ्या गाडीची घोषणा मराठीत

प्रश्न: अनुवादाच्या सरावासाठी भुसावळ स्टेशनवरची ही हिंदी घोषणा घेतली: “यात्रीगण कृपया ध्यान दें। गाड़ी संख्या 12138, फिरोजपुर छावनी से चलकर भोपाल के रास्ते मुंबई छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस को जाने वाली पंजाब मेल अपने निर्धारित समय से दो घंटे दस मिनट की देरी से चल रही है। यात्रियों को हुई असुविधा के लिए हमें खेद है।” माझं मराठी असं: “यात्रींनी कृपया लक्ष द्या. गाडी संख्या 12138, फिरोजपूर छावणीहून चालून भोपाळच्या रस्त्याने मुंबईला जाणारी पंजाब मेल आपल्या निर्धारित समयापेक्षा दोन तास दहा मिनिटाच्या उशीराने चालत आहे. असुविधेसाठी आम्हाला खेद आहे.” आजी ऐकून हसली. द्या म्हणू की द्यावे? आणखी काय चुकलं?

उत्तर:

आजी बहुधा “चालून”ला हसली असावी. फिरोजपूरहून मुंबईपर्यंत चालत यायचं म्हणजे पंजाब मेलचे पाय दुखणारच! हिंदीत चलना म्हणजे निघणंही आणि धावणंही. मराठीत गाडी सुटते, निघते, धावते, येते. चालते ती बैलगाडी किंवा घाटात दमलेली मालगाडी. त्यामुळे “से चलकर”मधलं चलकर सरळ गाळायचं. “येथून जाणारी” म्हटलं की काम होतं.

आता मुख्य प्रश्न. “यात्रींनी लक्ष द्या” यात दोन वाक्यं एकमेकांत अडकली आहेत. “द्या” ही आज्ञा आहे. ती समोरच्याला हाक मारून द्यायची असते: “प्रवाशांनो, कृपया लक्ष द्या.” “प्रवाशांनी” म्हटलं की पुढे विध्यर्थच यायला हवा: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” दोन्ही रचना शुद्ध आहेत आणि “द्या”ही उद्धट नाही, ते आदरार्थीच रूप आहे. पण फलाटावर शेकडो अनोळखी माणसं असतात, कुणा एकाशी बोलणं नसतं. तिथे “द्यावे” बरोबर बसतं. हिंदीतला फरकही पाहा: “ध्यान दीजिए” म्हणजे आपलं “लक्ष द्या”, आणि घोषणेतलं “ध्यान दें” हे “द्यावे”च्या जवळचं. म्हणजे मूळ मजकूरच तुम्हाला उत्तर देतोय.

विध्यर्थ निवडला की एक पथ्य पाळावं लागतं. क्रियापद प्रवाशांप्रमाणे न बदलता कर्माप्रमाणे बदलतं. लक्ष नपुंसकलिंगी, म्हणून “द्यावे”. पूल पुल्लिंगी, म्हणून “प्रवाशांनी पादचारी पूल वापरावा”. सूचना स्त्रीलिंगी, म्हणून “सूचना ऐकावी”. नकार द्यायचा तर “रूळ ओलांडू नयेत”. हिंदीतलं “करें” सगळीकडे तसंच राहतं, त्यामुळे हिंदीवरून मराठीत येणारा माणूस इथे हमखास घसरतो आणि “पूल वापरावे” लिहून बसतो. “आपण कृपया लक्ष द्यावे” असंही लिहायचा मोह होतो. ते चौकशीच्या खिडकीवर किंवा पत्रात शोभतं. गर्दीला आपण म्हटलं की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं.

“यात्री” बदला. मराठीत यात्रेला जाणारा तो यात्रेकरू. पंजाब मेलने जाणारे सगळे काही पंढरपूरला निघालेले नसतात. प्रवासी म्हणा. संख्याचं क्रमांक करा. समय मराठीला परका नाही, पण गाडीची वेळ असते. निर्धारितऐवजी मी नियोजित घेईन. “आपल्या” हिंदीतल्या “अपने”वरून आलंय. व्याकरणाने ते चुकीचं नाही, पण मराठीत आपल्या म्हणजे तुमच्या-आमच्या असाही अर्थ लागतो, म्हणून गाळलेलं बरं. “मिनिटाच्या उशीराने”मध्ये हिंदीचा “की देरी से” जसाच्या तसा उतरलाय. मराठीत वेळ नुसती शेजारी ठेवतात: “दोन तास दहा मिनिटे उशिरा”. “उशिराने” वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं, मला ते खटकतं, पण त्यावरून भांडणार नाही. मात्र सामान्यरूपात शी ऱ्हस्वच हवा.

पुढे कधी घड्याळाची वेळ सांगायची झाली तर “पर” जपून उतरवा. “चौदह बजकर दस मिनट पर” म्हणजे “चौदा वाजून दहा मिनिटांनी”. पण “प्लेटफॉर्म संख्या चार पर” म्हणजे “फलाट क्रमांक चारवर”. “दहा मिनिटांवर येईल” म्हटलं तर गाडी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, असं ऐकणाऱ्याला वाटेल.

शेवटचं वाक्य सगळ्यांत नाजूक. “असुविधेसाठी” याचा अर्थ असुविधा व्हावी म्हणून, असा निघतो! कारण सांगताना “के लिए”चं “बद्दल” होतं. असुविधाऐवजी मराठी माणूस गैरसोय म्हणतो. “हुई”चं भाषांतर गाडी कुठे आहे त्यावर ठरतं. ती अजून यायची असेल तर “होत असलेल्या गैरसोयीबद्दल”, येऊन उभी राहिली असेल तर “झालेल्या”. हिंदीत हा भेद कुणी करत नाही, मराठी कानाला मात्र फरक जाणवतो. “हमें”चं “आम्हाला” तुम्ही बरोबर केलंत. हिंदीच्या हम मध्ये आम्ही आणि आपण दोन्ही मावतात, पण इथे माफी मागणारी रेल्वे आणि ताटकळणारे प्रवासी वेगळे आहेत. “आपल्याला खेद आहे” म्हटलं तर प्रवाशांनाही माफी मागायला लावल्यासारखं होईल. “खेद आहे” चालतं, “दिलगीर आहोत” अधिक मराठी.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या वाक्यात दिसत नाही पण घोषणेचा साचा करताना आडवी येते. ध्वनिमुद्रित घोषणेत स्टेशनची नावं वेगळी मुद्रित करून वाक्यात जोडली जातात. हिंदीत “पुणे” हे नाव “से”च्या आधी जसंच्या तसं राहतं. मराठीत प्रत्यय लागला की नावच बदलतं: पुणे, पुण्याहून, वर्धा, वर्ध्याहून, सातारा, साताऱ्याहून. नागपूरहून सोपं, पण साचा नागपूरपुरता करून चालत नाही. “पुणेहून” ऐकू आलं की समजावं, कुणीतरी हिंदीच्या साच्यात नुसता प्रत्यय चिकटवलाय. यावर जुना उपाय म्हणजे “येथून” आणि “येथे”. बोलताना हे शब्द थोडे सरकारी वाटतात, पण नाव मोडत नाही. “के रास्ते”साठी “मार्गे” घ्या, त्याच्याआधीही नाव अख्खं राहतं.

आता सगळं जोडून:

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी क्रमांक एक दोन एक तीन आठ, फिरोजपूर छावणी येथून भोपाळ मार्गे मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे जाणारी पंजाब मेल, नियोजित वेळेपेक्षा दोन तास दहा मिनिटे उशिरा धावत आहे. प्रवाशांना होत असलेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

क्रमांक एकेक अंक सुटा करून वाचा, “बारा हजार एकशे अडतीस” नको. गोंगाटात आकड्यातला एकच शब्द चुकला तरी दुसरी गाडी होते. भोपाल, ग्वालियर, झाँसी ही याच मार्गावरची नावं मराठीत भोपाळ, ग्वाल्हेर, झाशी होतात. इटारसी तशीच राहते.

आणि हीच बातमी बाकड्यावरच्या एखाद्या आजोबांना सांगायची असेल, तर वरचं सगळं विसरा: “आजोबा, पंजाब मेल दोन तास दहा मिनिटं उशिरा आहे. तुम्ही बसून घ्या, आली की सांगतो.”