ब्रेक-इव्हन काढताना विजेच्या बिलासारखा अर्धा स्थिर, अर्धा बदलता खर्च कुठल्या बाजूला धरायचा? माझी तीन उत्पादनं आहेत.

कुठल्याही एका बाजूला नाही. त्याचे दोन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा आपापल्या बाजूला टाकायचा. "एवढ्याशा बिलाने काय फरक पडतो" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर माझ्याबाबतीत काय झालं ते वाचा.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी बघत होते. आकडे सोपे करून सांगते. खोकं ५० ला विकलं जायचं, कागद, गोंद, शाई वगैरे मिळून एका खोक्याला ३० जायचे, भाडं आणि पगार महिन्याला ६०,०००. राहिलं विजेचं बिल. ज्या महिन्यात १०,००० खोकी निघाली त्या महिन्याचं बिल ९०,००० होतं. मालकांनी सरळ भागाकार केला: खोक्यामागे ९. मी म्हटलं, बिलातला स्थिर आकार मशीन बंद असलं तरी लागतोच, दिवे-पंखे चालूच असतात. त्यावर उत्तर ठरलेलं, "मशीन चाललं तर वीज जळते, म्हणजे तो बदलता खर्च. उगाच गुंतागुंत नको."

त्यांच्या हिशेबाने एका खोक्याचा बदलता खर्च ३९, तो ५० मधून वजा केला की उरणारं कॉन्ट्रिब्युशन ११, म्हणून ६०,००० ला ११ ने भागून ब्रेक-इव्हन साधारण ५,४५५ खोकी. पुढे मंदी आली, महिन्याला ६,००० खोकी गेली. कागदावर ६,००० नफा दिसत होता. प्रत्यक्षात ६,००० तोटा झाला, कारण बिल ५४,००० नव्हे, ६६,००० आलं. उत्पादन ४,००० ने घटलं आणि बिल घटलं फक्त २४,००० ने. म्हणजे खोक्यामागे खरी वीज ६ च, आणि ६६,००० मधून ३६,००० वजा केले की उरणारे ३०,००० मशीन चालो न चालो, द्यायचेच. आता स्थिर खर्च ९०,०००, कॉन्ट्रिब्युशन १४, आणि ब्रेक-इव्हन ६,४२९. साडेपाच हजारांच्या वरचा प्रत्येक महिना सुरक्षित समजून आम्ही चाललो होतो, तो अंदाज जवळजवळ हजार खोक्यांनी चुकीचा होता.

यात एक गोष्ट नीट बघा. १०,००० खोक्यांना दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं, ५०,००० नफा. म्हणून चांगल्या महिन्यांत चूक पकडता येत नाही. सरासरी ज्या उत्पादनावर काढली, तिथून जितकं दूर जाल तितकी ती फसवते.

त्याच मंदीत एका गिऱ्हाईकाने ३८ ला मोठी ऑर्डर देऊ केली होती. मालकांनी "३९ खर्च, ३८ ला कसं देऊ" म्हणून परत पाठवली. खरा बदलता खर्च ३६ होता. मशीन रिकामंच होतं, प्रत्येक खोक्यावर २ सुटले असते. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण हे त्यांना आधी लिहून दिलं होतं.

तुकडे करायला दोन महिने पुरतात, पण निवडताना बिल जास्त-कमी बघू नका, उत्पादन जास्त-कमी बघा. ज्या महिन्यात मशीन बिघडलं किंवा फेरमाल काढावा लागला तो महिना वगळा. आणि रीडिंगची तारीख जुळवून घ्या: बिल १८ तारखेपासून १८ पर्यंत आणि उत्पादन महिन्याच्या १ पासून असेल तर उत्तराला अर्थ नाही. बारा महिन्यांची नोंद असेल तर मी दोन टोकांवर विसंबत नाही. बी रकान्यात उत्पादन, सी मध्ये बिल:

```
=SLOPE(C2:C13,B2:B13)
=INTERCEPT(C2:C13,B2:B13)
```

पहिला आकडा नगामागचा खर्च, दुसरा महिन्याचा स्थिर भाग. आधी ठिपक्यांचा आलेख मात्र काढून बघा. एखादा ठिपका फटकून असेल तर त्याचं कारण शोधल्याशिवाय आकडा वापरू नका.

हे सगळं तुम्ही ज्या मर्यादेत उत्पादन केलंय तेवढ्यापुरतंच खरं. दुसरी पाळी सुरू केली की सुपरवायझर वाढतो, कदाचित विजेचा मंजूर भारही वाढवावा लागतो, आणि स्थिर खर्च एकदम पायरी चढतो. तिथे ब्रेक-इव्हन नव्याने काढायचा. ३८ च्या ऑर्डरचंही तसंच: मशीन रिकामं असेल तरच, आणि नेहमीची गिऱ्हाइकं तोच भाव मागणार नसतील तरच.

तीन उत्पादनांसाठी तिघांचं कॉन्ट्रिब्युशन वेगळं काढा, ती ज्या प्रमाणात विकली जातात त्या प्रमाणात सरासरी घ्या आणि एकूण स्थिर खर्चाला तिने भागा. प्रमाण बदललं की उत्तरही बदलतं. वीज तिघांत वाटताना नगांवर वाटू नका, मशीनच्या तासांवर वाटा.