इटलीतली भाड्याची गाडी: कोणत्या चौकटीत टिक करायची?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये फ्लोरेन्स विमानतळावरून आठ दिवस गाडी घेतोय, टस्कनी फिरायला. एक्सेस, म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातून द्यायची कमाल रक्कम, 1,400 युरो, डिपॉझिटही तेवढंच. कंपनीचं झीरो एक्सेस रोज 22 युरो. बुकिंग साइटचं फुल प्रोटेक्शन आठ दिवसांचे 64 युरो. प्रीपेड टाकी 95 युरो, दुसरा ड्रायव्हर रोज 9 युरो. बायको एखाद्या दिवशी चालवेल. क्रेडिट कार्डाची मर्यादा दोन लाख, त्यावर हॉटेलांचे सत्तर हजार आधीच लागलेत. बँकेत शिल्लक बरी आहे. काय घ्यावं?

उत्तर: स्क्रीनवरचे दोन्ही विमे सारखेच दिसतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. कंपनीचं झीरो एक्सेस घेतलं, तर गाडीला धक्का लागला तरी, काही वगळलेले भाग सोडता, कंपनी तुमच्याकडे मागणार नाही. डिपॉझिटही बहुधा कमी होतं. साइटचा विमा दुसरीच कंपनी देते, आणि गाडी देणाऱ्या काउंटरला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते तुमच्या कार्डावर पूर्ण 1,400 युरो अडवतात. नुकसान झालं तर त्यातून कापून घेतात आणि मग तुम्ही कागद पाठवून साइटकडून परतावा मिळवायचा.

हिशेबापुरता युरो शंभर रुपये धरू. झीरो एक्सेसचे 176 युरो आणि साइटचे 64, म्हणजे फरक साधारण 11,200 रुपयांचा. एवढ्यावरून 64 वाला उजवा ठरतो. पण तुमच्या कार्डावर उरलेत एक लाख तीस हजार आणि अडवले जाणार एक लाख चाळीस हजार. काउंटरवर कार्ड नाकारलं गेलं की दोनच वाटा राहतात: गाडी सोडा, किंवा तिथल्या भावाने झीरो एक्सेस घ्या. मग साइटचे 64 युरो वाया.

म्हणून निघण्याआधीच हॉटेलांचे सत्तर हजार कार्डावर भरून टाका, बिलाची वाट पाहू नका. मर्यादा मोकळी झाली की साइटचा विमा घ्या. अट एकच: दीड लाख लिक्विड फंडात किंवा बचत खात्यात तयार हवेत. खरंच नुकसान झालं तर परतावा यायला आठवडे लागतात, आणि तोवर कार्डाची थकबाकी ठेवली तर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज चढू शकतं. हे पैसे बाजूला नसतील तर 11,200 जास्त देऊन झीरो एक्सेस घ्या. कार्ड मात्र गाडी बुक करणाऱ्याच्याच नावाचं हवं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर डिपॉझिट बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो सांगा.

अटींच्या पानावर दोन आकडे पाहा. `Franchigia danni` हा नुकसानीचा एक्सेस, `Franchigia furto` हा चोरीचा, आणि चोरीचा अनेकदा मोठा असतो. साइटच्या विम्याची कमाल रक्कम या मोठ्या आकड्याला पुरते का, ते तपासा. टायर, काचा आणि गाडीचा तळ त्यात येतात का, तेही वाचा. कंपनीच्या झीरो एक्सेसमधूनही हे भाग पुष्कळदा वगळलेले असतात. शहरांच्या जुन्या भागातल्या बंदी क्षेत्रात, म्हणजे ZTL मध्ये शिरल्याचा दंड कोणताच विमा भरत नाही. वर कंपनी आपलं हाताळणी शुल्क लावते ते वेगळंच.

आता दुसरा ड्रायव्हर. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर एक्सेसची मर्यादाच उडते आणि साइटचा विमाही हात वर करतो. म्हणजे ‘एखाद्या दिवशी’ चालवायचं असलं तरी 72 युरो भरायलाच हवेत. पण फ्लोरेन्सहून सिएना जेमतेम पाऊणशे किलोमीटर, पिएन्झा शंभर-सव्वाशे. एवढं एकटा माणूस सहज चालवतो. मी ही चौकट रिकामी ठेवेन. फक्त दोघांचेही आंतरराष्ट्रीय वाहन परवाने आरटीओतून काढून ठेवा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. भारतीय परवान्यासोबत तो इटलीत लागतोच, आणि आयत्या वेळी विचार बदलला तर काउंटरवर बायकोचं नाव घालता येतं. त्या वेळी तिने तिथे हजर असायला हवं.

इंधनात फार डोकं घालू नका, `Pieno/pieno` घ्या: भरलेली मिळते, भरून द्यायची. आठ दिवसांत पाचशे किलोमीटर झाले तर छोट्या गाडीला तीसेक लिटर लागेल, पंचावन्न युरोंच्या आसपास. प्रीपेड टाकीचे 95 युरो गेले की उरलेलं इंधन त्यांचं. पंपावर `Benzina` म्हणजे पेट्रोल आणि `Gasolio` म्हणजे डिझेल. नावावरून पेट्रोल समजून गॅसोलिओ भरणारे कमी नाहीत, आणि चुकीच्या इंधनाचा खर्च विम्यात सहसा बसत नाही. `Self` लिहिलेल्या पंपावर भाव `Servito` पेक्षा कमी असतो. शेवटची टाकी विमानतळाजवळ भरा, पावती जपा आणि गाडी देताना इंधनाच्या काट्याचा फोटो काढून ठेवा.